विल्किन्सचे ४७५ पौंड

‘नफातोटा समसमान राहील.’ भागीदारीपत्रात हे एवढे वाक्य असले की बहुतेकांना वाटते, हिशेबाचा प्रश्न कायमचा मिटला. तिघांपैकी एकाचे दिवाळे निघाले आणि पेढी बंद करायची वेळ आली की कळते, या वाक्यात निम्मेच उत्तर आहे. दिवाळखोर भागीदाराकडून येणे असलेली रक्कम बुडते. ती कोणी सोसायची?

इंग्लंडमध्ये गार्नर, मरे आणि विल्किन्स या तिघांवर हीच वेळ आली होती. नफातोटा समान, भांडवल मात्र फारच विषम. १९०० साली पेढी मोडली. बाहेरची देणी भागवून हातात उरले १,९१६ पौंड. गार्नरचे भांडवल होते २,५०० पौंड आणि मरेचे ३१४. विल्किन्सच्या खात्यात भांडवल तर नव्हतेच, उलट तोच पेढीला २६३ पौंड देणे लागत होता. गार्नर आणि मरेच्या भांडवलाच्या बेरजेतून हे २६३ वजा केले की २,५५१ राहतात. हातात १,९१६ आहेत, म्हणजे तोटा ६३५ पौंडांचा. तिघांत वाटला की प्रत्येकी सुमारे २१२.

इथपर्यंत वाद नाही. पण विल्किन्सचे आधीचे २६३ आणि आताचे २१२ मिळून सुमारे ४७५ पौंड झाले, आणि त्याच्याकडे द्यायला काहीच नव्हते.

सरळ विचार केला तर ‘समसमान’ म्हणजे उरलेल्या दोघांनी निम्मेनिम्मे, २३७ पौंड प्रत्येकी. तसे केले असते तर मरेचे काय झाले असते ते पाहा. त्याचे ३१४ पौंड. त्यातून स्वतःच्या वाट्याचा २१२चा तोटा गेला की १०२ उरतात. वरून २३७ काढायचे म्हणजे मरेला खिशातून आणखी १३५ पौंड घालावे लागले असते.

न्यायमूर्ती जॉइस यांनी हा मार्ग मान्य केला नाही. १९०४ च्या निकालसंग्रहात छापलेल्या त्यांच्या निकालाचा गाभा असा: धंद्यातला तोटा ही एक गोष्ट आणि सहभागीदाराने बुडवलेली रक्कम ही दुसरी. धंद्याच्या तोट्यातला आपापला वाटा प्रत्येकाने नफातोट्याच्या प्रमाणात भरायचा. पण दुसऱ्याचा वाटा भरून देण्याचे बंधन कायदा कोणावर घालत नाही. गार्नर आणि मरे यांनी आपापले २१२ पौंड भरले की पेढीत जी रक्कम जमेल ती त्यांच्या भांडवलाच्या प्रमाणात वाटायची. रक्कम अपुरी आहे, म्हणून दोघांनाही भांडवल कमी परत मिळेल, ज्याचे जास्त त्याचे जास्त कमी होईल. या हिशेबाने विल्किन्सच्या तुटीतले सुमारे ४२२ पौंड गार्नरवर आले आणि मरेवर फक्त ५३. मरेला खिशात हात घालावा लागला नाहीच, उलट ४९ पौंड परत मिळाले.

मला या निकालात मरेची बाजू पटते, पण गार्नरच्या जागी बसून पाहिले की बोच जाणवते. नफ्यात त्याचा वाटा मरेएवढाच होता, मग दुसऱ्याची तूट सोसताना त्याने आठपट का सोसावी? याहूनही विचित्र प्रसंग येतो तो भांडवल न घालता केवळ काम करणाऱ्या भागीदाराचा. तो कितीही सधन असला तरी त्याचे भांडवल शून्य, म्हणून दिवाळखोराच्या तुटीतला त्याचा वाटाही शून्य. अर्थात हा भागीदारांचा आपसातला हिशेब झाला. बाहेरचा सावकार कोणाही एका भागीदाराकडून पेढीचे सगळे कर्ज मागू शकतो, त्याला या प्रमाणांशी देणेघेणे नाही.

आपल्याकडे १९३२ च्या भागीदारी कायद्याचे कलम ४८ त्या इंग्रजी कलमाच्याच धर्तीवर आहे, म्हणून आपल्याकडचे हिशेबनीस हाच नियम लावतात. गोंधळ होतो तो भांडवल कोणते धरायचे यात. भांडवल स्थिर ठेवून उचल, व्याज, नफा वेगळ्या चालू खात्यात लिहीत असाल तर स्थिर भांडवलाचेच आकडे घ्यायचे. एकाच खात्यात सगळे लिहीत असाल तर राखीव निधी, साठलेला नफा, उचल हे सारे जमा-वजा करून, पण मालमत्ता विकल्याचा तोटा टाकण्यापूर्वीची शिल्लक घ्यायची. तोटा टाकल्यानंतरची शिल्लक धरली तर प्रमाणच बदलते. मरेचे ३१४ ऐवजी १०२ धरले जातील आणि त्याच्यावरची तूट ५३ वरून वीसेक पौंडांवर येईल. वाद बहुधा याच आकड्यावर पेटतो.

हे सगळे लागू होते ते भागीदारीपत्र गप्प असेल तरच. कलम ४८ ची सुरुवातच भागीदारांच्या आपसातल्या कराराला मान देऊन होते. ‘एखादा भागीदार नादार झाल्यास त्याच्याकडून न वसूल झालेली रक्कम इतर भागीदार नफातोट्याच्या प्रमाणात सोसतील’ असे लिहिलेले असेल तर मरेला ते १३५ पौंड भरावेच लागतील. ‘भांडवलाच्या प्रमाणात’ लिहिले तर कोणत्या दिवशीचे भांडवल, हेही त्याच ओळीत लिहायला हवे. आणि हे पेढी सुरू होतानाच. एकाचे दिवाळे निघाल्यावर गार्नर आणि मरे एकाच कागदावर सही करायला तयार होणे कठीण.