`12+3*4` कंपायलरला कसे समजते?

`12+3*4` ही ओळ कंपायलरकडे पोचते तेव्हा ती निव्वळ सहा चिन्हांची रांग असते. पहिला टप्पा लेक्सिकल विश्लेषणाचा. `1` वाचून विश्लेषक थांबत नाही. `+` दिसेपर्यंत अंक गोळा करतो आणि मगच `12` ही एक संख्या वेगळी काढतो. शक्य तितका लांब तुकडा घ्यायचा, हा त्याचा नियम. शेवटी पाच टोकन उरतात. त्यांचे परस्परांशी नाते काय, हे मात्र त्याला ठाऊक नसते.

ते पार्सर ठरवतो, व्याकरणाच्या आधाराने:

```
expr -> expr + term | term
term -> term * num | num
```

खरी गंमत या दोन ओळींत आहे. `term` च्या नियमात `+` ला जागाच नाही, त्यामुळे `12+3` ची आधी जोडी करून तिला `4` ने गुणणे अशक्य होते. `3*4` ची एक `term` बनते. तयार होणाऱ्या वृक्षाच्या शेंड्यावर `+` येतो, त्याच्या डावीकडे `12` आणि उजवीकडे हा गुणाकार. म्हणून उत्तर 24 येते, 60 नव्हे. ‘गुणाकार आधी’ असे वेगळे कुठेच लिहावे लागत नाही.

चुकाही टप्प्यानुसार पकडल्या जातात. या व्याकरणात `@` नसल्याने `12@4` पहिल्याच टप्प्यात अडते. `12+*4` मधली टोकन मात्र सगळी वैध असतात; `+` नंतर संख्या हवी होती, ही तक्रार `*` पाशी पोचल्यावर पार्सर करतो.