व्याजाचे शंभर रुपये आणि दोन बाण

आईच्या खात्यात ५,००० रुपये आहेत, मुलीच्या खात्यात ३,०००. एका व्यवहारात आईच्या खात्यातले १,००० रुपये मुलीच्या खात्यात वळते करायचे आहेत. त्याला ‘बदली’ म्हणू. दुसरा व्यवहार दोन्ही खात्यांवर १० टक्के व्याज चढवतो, तो ‘व्याज’. आधी बदली आणि मग व्याज झालं, तर दोन्ही खात्यांत ४,४०० रुपये होतात. आधी व्याज आणि मग बदली झाली, तर आईकडे ४,५०० आणि मुलीकडे ४,३००. आकडे वेगळे असले तरी बेरीज दोन्ही वेळा ८,८००च येते आणि हिशेब म्हणून दोन्ही उत्तरं बरोबर आहेत.

पण डेटाबेस एक व्यवहार संपेपर्यंत दुसऱ्याला ताटकळत ठेवत नाही. एकाचं काम डिस्कपाशी अडकलं की तेवढ्यात दुसऱ्याच्या दोन पायऱ्या उरकून घेतो. अशा गुंफलेल्या पायऱ्यांच्या क्रमाला शेड्यूल म्हणतात. त्यातलं एक असं:

```
r1(A) w1(A) r2(A) w2(A) r2(B) w2(B) r1(B) w1(B)
```

इथे r म्हणजे वाचणं, w म्हणजे लिहिणं. 1 म्हणजे बदली, 2 म्हणजे व्याज. A आईचं खातं, B मुलीचं. बदलीने आईचे ४,००० केले. व्याजाने त्यांचे ४,४०० केले आणि लगेच मुलीच्या ३,०००चे ३,३००. मग बदलीने मुलीकडे १,००० जमा केले: ४,३००. बेरीज ८,७००. हजार रुपये एका खात्यातून निघाले होते, दुसऱ्यात पोचले नव्हते. नेमक्या त्या वेळी व्याज आकारलं गेलं आणि त्यांच्यावरचे शंभर रुपये बुडाले. कुठेही एरर आली नाही, प्रत्येक पायरी आपापल्या जागी अचूक होती. म्हणूनच ही चूक उशिरा सापडते.

एखादं शेड्यूल सीरियलायझेबल आहे, म्हणजे त्याचा परिणाम व्यवहार एकामागून एक चालवण्याच्या कुठल्या तरी क्रमासारखाच आहे. हे ताडायला सगळे क्रम करून पाहणं शक्य नसतं. दहाच व्यवहारांचे ३६,२८,८०० क्रम होतात. त्याऐवजी प्रिसिडन्स ग्राफ काढतात. प्रत्येक व्यवहाराचा एक ठिपका. मग वेगवेगळ्या व्यवहारांच्या अशा दोन पायऱ्या शोधायच्या, ज्या एकाच खात्याला हात लावतात आणि ज्यातली निदान एक लिहिण्याची आहे. दोन्ही वाचणाऱ्या असतील तर त्यांची अदलाबदल करून काही बिघडत नाही, म्हणून त्या सोडून द्यायच्या. उरलेल्या प्रत्येक जोडीत ज्याची पायरी आधी, त्याच्याकडून दुसऱ्याकडे बाण.

वरच्या शेड्यूलमध्ये आईच्या खात्यावर बदली आधी आली, म्हणून बदलीकडून व्याजाकडे बाण. मुलीच्या खात्यावर व्याज आधी आलं, म्हणून व्याजाकडून बदलीकडे उलटा बाण. वर्तुळ पुरं झालं. बदली व्याजाच्या आधीही हवी आणि नंतरही, असा क्रम असूच शकत नाही. आता एवढाच बदल करा:

```
r1(A) w1(A) r2(A) w2(A) r1(B) w1(B) r2(B) w2(B)
```

पायऱ्या अजूनही गुंफलेल्याच आहेत, पण सगळे बाण बदलीकडून व्याजाकडे जातात आणि उत्तर येतं ४,४०० व ४,४००. व्यवहार जास्त असतील तर ज्याच्याकडे एकही बाण येत नाही तो ठिपका त्याच्या बाणांसकट पुसायचा, मग पुढचा. सगळे पुसले गेले तर पुसण्याचा क्रम हाच समतुल्य क्रम. मध्येच अडलात, तर उरलेल्यांत वर्तुळ आहे.

ही कसोटी गणित पाहत नाही, हे मात्र ध्यानात ठेवायला हवं. व्याजाऐवजी प्रत्येक खात्यात सरळ ५०० रुपये जमा करायचे असते, तर पहिल्या शेड्यूलनेही ४,५०० आणि ४,५०० हे बरोबर उत्तर दिलं असतं. ग्राफ तरीही ते नापास करतो, कारण त्याला फक्त वाचलं-लिहिलं एवढंच दिसतं. मला हा कडकपणा योग्यच वाटतो: पास झालेलं शेड्यूल डोळे मिटून स्वीकारता येतं, आणि तपासणी झटपट होते.

प्रत्यक्षात डेटाबेस सहसा आधी शेड्यूल चालवून मग ग्राफ काढत बसत नाही. वर्तुळ होऊच नये अशी तजवीज करतो. ईश्वरन, ग्रे, लॉरी आणि ट्रेगर यांनी १९७६ साली मांडलेला दोन टप्प्यांच्या कुलपांचा नियम सांगतो, की एकदा कुलूप सोडलं की नवं घ्यायचं नाही. म्हणजे मुलीच्या खात्याचं कुलूप हाती येईपर्यंत बदलीला आईचं सोडता येत नाही, आणि व्याजाला मध्ये शिरायला जागाच उरत नाही. पोस्टग्रेएसक्यूएलने २०११च्या ९.१ आवृत्तीपासून वेगळी वाट धरली. सीरियलायझेबल पातळीवर तो वाचण्यापायी कुणाला थांबवत नाही, पण बाणांवर नजर ठेवतो. पूर्ण वर्तुळाची वाट न पाहता, वाचलेल्यावर दुसऱ्याने लिहिल्याचे दोन बाण लागोपाठ जुळले की धोका ओळखून एक व्यवहार रद्द करतो. त्यात कधी निरुपद्रवी व्यवहारही सापडतो. पडद्यावर `40001` हा कोड येतो. अशा वेळी प्रोग्रामने फक्त शेवटची पायरी पुन्हा करून चालत नाही; शिल्लक नव्याने वाचण्यापासून अख्खा व्यवहार परत चालवावा लागतो, कारण आधी वाचलेला आकडा तोवर शिळा झालेला असू शकतो.