पाऊण तास ऐकायचं की नाही, हे दोन ओळींत ठरतं

मृत्युपत्र कसं करावं, या विषयावरचा मराठी पॉडकास्टचा एक भाग नमुना म्हणून घेऊ. रेकॉर्डिंग पाऊण तासाचं, पाहुण्या वकील बाई अनुभवी, माहिती चोख. खालच्या शो नोट्स मात्र अशा सुरू होतात: ‘नमस्कार मंडळी! आमच्या लाडक्या कार्यक्रमाच्या या नव्या भागात आपलं सहर्ष स्वागत. आज आपल्याशी मनमोकळ्या गप्पा मारणार आहेत सुप्रसिद्ध विधिज्ञ, उत्तम वक्त्या आणि अनेक पुरस्कारांच्या मानकरी...’

फोनवर यातल्या पहिल्या दोन-तीन ओळीच दिसतात, बाकीचा मजकूर बोटाने उघडावा लागतो. म्हणजे दिसणारी सगळी जागा स्वागतात गेली. वडिलांच्या घराचं काय करायचं, या काळजीत असलेल्या माणसाला आपल्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे की नाही, हे कळलंच नाही.

नोट्स नव्याने लिहिताना आधी रेकॉर्डिंग पुन्हा ऐकावं आणि पाहुण्यांनी नेमकी कोणत्या प्रश्नांची उत्तरं पूर्ण दिली, ते मिनिटांसह टिपून घ्यावं. शीर्षकावरून अंदाजाने लिहिलं की आश्वासन फुगतं. नॉमिनीचा विषय बोलण्यात नुसता येऊन गेला असेल, तर तो वरच्या ओळीत घालू नये. त्यासाठीच आलेला श्रोता पुन्हा येत नाही. आपल्या नमुन्यात पहिल्या ओळी अशा होतील: ‘मृत्युपत्राची नोंदणी सक्तीची आहे का? साक्षीदार किती आणि कोण असावेत? साध्या कागदावर लिहिलेलं चालतं का?’ तिन्ही प्रश्न लोक खरोखर विचारतात आणि तिन्हींना ठाम उत्तरं आहेत. नोंदणी ऐच्छिक आहे, किमान दोन साक्षीदार लागतात आणि स्टॅम्प पेपरची गरज नसते. उत्तरंही नोट्समध्येच देऊन टाकली तर ऐकणार कोण, अशी भीती अनेकांना वाटते. पण दोन साक्षीदार लागतात हे वाचलेल्याला ते कोण असावेत, हे ऐकायचंच असतं.

लगेच खाली मर्यादेचीही एक ओळ हवी: ‘मुस्लिम व्यक्तिगत कायद्यातले नियम वेगळे आहेत, त्यांची चर्चा या भागात नाही.’ त्या ओळीने एखाद्याचा पाऊण तास वाचतो.

आता पाहुण्यांची ओळख. ‘सुप्रसिद्ध’ या शब्दातून श्रोत्याला काहीच कळत नाही. त्याला हवं असतं ते इतकंच, की या विषयावर या व्यक्तीचं का ऐकावं. ‘पुण्यात वीस वर्षं वारसाहक्काचे दावे चालवणाऱ्या वकील’ एवढ्यात ते सांगून होतं. विषयाशी संबंध नसलेले पुरस्कार आणि पदं गाळलेली बरी. वकिलांच्या बाबतीत तर हे अधिकच जपायला हवं, कारण बार काउन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांनुसार वकिलांना स्वतःची जाहिरात करता येत नाही. प्रेमापोटी लिहिलेलं ‘खात्रीशीर सल्ल्यासाठी आजच फोन करा’ हे वाक्य पाहुण्यांनाच अडचणीत आणू शकतं. ओळखीचा मजकूर प्रसिद्ध करण्याआधी त्यांना दाखवून घ्यावा.

त्यानंतर वेळांची यादी. यूट्यूबवर ती अशी लिहिली की व्हिडिओचे आपोआप भाग पडतात:

```
0:00 मृत्युपत्र कुणी करावं
6:40 साक्षीदार कोण असावेत
15:10 नोंदणी करावी का
```

पहिली वेळ 0:00 च हवी, किमान तीन वेळा हव्यात, त्या चढत्या क्रमाने असाव्यात आणि प्रत्येक भाग निदान १० सेकंदांचा असावा. पहिली ओळ 0:45 ने सुरू केली, तर हे भाग पडत नाहीत. ऑडिओ अ‍ॅपवर वेगळाच घोळ होतो. तिथे मध्ये आपोआप जाहिराती घातल्या जात असतील, तर पुढच्या सगळ्या वेळा सरकतात आणि ‘साक्षीदार’वर बोट ठेवलेला माणूस भलत्याच वाक्यात जाऊन पडतो. अशा ठिकाणी वेळा काढून फक्त विषयांचा क्रम द्यावा.

लिंक मोजक्याच असाव्यात आणि प्रत्येकीपुढे तिथे काय मिळेल ते लिहावं. नुसतं ‘इथे क्लिक करा’ लिहिलं आणि एखाद्या अ‍ॅपने लिंक गाळली, तर हाती उरतो फक्त ‘इथे’ हा शब्द. त्यापेक्षा ‘नोंदणी विभागाचं संकेतस्थळ: https://igrmaharashtra.gov.in’ असा पूर्ण पत्ता दिला की लिंक चालली नाही तरी तो पाहून टाइप करता येतो. भागात उल्लेख झालेल्या गोष्टींच्या लिंक आधी. कार्यक्रमाची समाजमाध्यमांवरची पानं सगळ्यांत शेवटी. अनेक ठिकाणी नेमका उलटा क्रम असतो आणि कायद्याची लिंक चार-पाच ‘फॉलो करा’ खाली गाडली जाते.

वेबिनारच्या नोट्स दोनदा लिहाव्या लागतात. कार्यक्रमाआधी तारीख, वेळ आणि नावनोंदणीची लिंक वर हवी. तो झाला की त्याच दिवशी ती लिंक काढून तिथे रेकॉर्डिंगची द्यावी आणि ‘सांगणार आहेत’चं ‘सांगितलं’ करावं. मग ते पान एखाद्या साध्या फोनवर, शक्यतो स्वतः न लिहिलेल्या माणसाच्या हाती देऊन उघडायला सांगावं. साक्षीदारांचा मुद्दा कुठे आहे, हे त्याला वर-खाली शोधत बसावं लागलं, तर वरच्या ओळी पुन्हा लिहायला घ्याव्यात.