गोल्ड झाला, पण तयार नव्हता

५ ऑक्टोबर २०२० रोजी सीडी प्रोजेक्ट रेड या पोलिश कंपनीने जाहीर केले की त्यांचा 'सायबरपंक २०७७' हा गेम 'गोल्ड' झाला. म्हणजे कारखान्यात डिस्क छापायला देण्याची प्रत पक्की झाली. चाहत्यांना वाटले, आता १९ नोव्हेंबरला गेम हातात पडणार. तीन आठवड्यांनी, २७ ऑक्टोबरला, तीच कंपनी म्हणाली की अजून २१ दिवस थांबा. गेम तयार असेल तर थांबायचे कशाला?

कारण डिस्कवर जाते ती त्या दिवशीची अवस्था. डिस्क छापून, पेट्या भरून देशोदेशीच्या दुकानांत पोहोचवायला कित्येक आठवडे लागतात. तेवढ्या काळात प्रोग्रामर हात जोडून बसत नाहीत. ते दुरुस्त्या करत राहतात आणि त्यांचे गाठोडे इंटरनेटवरून विक्रीच्या दिवशीच पोहोचवतात. हाच 'डे वन पॅच'. पुढे येणाऱ्या दुरुस्त्यांना कन्सोलच्या जगात 'टायटल अपडेट' म्हणतात. ऑक्टोबरमध्ये मागितलेले २१ दिवस या पहिल्या पॅचसाठीच होते.

मधली पायरी असते 'सर्टिफिकेशन'ची. प्लेस्टेशन वा एक्सबॉक्सवर गेम विकायचा तर सोनी किंवा मायक्रोसॉफ्टकडून तो तपासून घ्यावा लागतो. मात्र तिथली मुख्य तपासणी असते ती गेम यंत्राशी नीट वागतो का याची: खेळता खेळता कंट्रोलरची बॅटरी संपली, जागा भरल्यामुळे सेव्ह झाले नाही, तर काय होते? पन्नास तासांच्या कथेतला एखादा दरवाजा उघडत नाही, हे शोधणे त्यांचे काम नव्हे. शिवाय काही उणिवा 'पॅचमध्ये दुरुस्त करू' या शब्दावर चालवूनही घेतल्या जातात. सायबरपंकच्या बाबतीत तेच झाले. विक्रीनंतर चारच दिवसांनी कंपनीच्या अधिकाऱ्यांनी गुंतवणूकदारांना सांगितले की आम्ही विक्रीपर्यंत सगळे दुरुस्त करू, असा कन्सोल कंपन्यांनी विश्वास ठेवला होता.

मग दोष माहीत असूनही राहतात ते का? टेस्टर शेकडो-हजारो दोष नोंदवतात आणि शेवटच्या आठवड्यांत रोज बैठक बसते. खेळाडू कथेत कायमचा अडकत असेल तर दोष आधी हातात घेतला जातो. एखाद्या पात्राची सिगारेट हवेत तरंगत असेल तर ती तशीच राहते. निव्वळ आळस म्हणावा तर तसे नाही. एक धागा ओढला की दुसरीकडे वीण उसवते, आणि ती कुठे उसवली हे बघायला सगळा गेम पुन्हा खेळून पाहावा लागतो. तारीख जवळ आली की छोटा, ओळखीचा दोष परवडतो. नवा, अनोळखी परवडत नाही.

ही भीती किती खरी, ते जानेवारी २०२१ मध्ये दिसले. १.१ हा मोठा पॅच आला आणि काही जणांचा नवाच खोळंबा झाला. कथेत ताकेमुरा नावाचे पात्र फोन करते. पॅचनंतर फोन लागायचा, पण ताकेमुरा गप्प! संवाद सुरू होईना, फोन ठेवता येईना, कथा पुढे सरकेना. आठवडाभरात १.११ ही तातडीची दुरुस्ती काढावी लागली.

दुसरा नमुना डिसेंबरमधला, संगणकावरच्या गेमचा. सेव्ह फाइल आठ एमबीच्या वर गेली की ती बिघडायची आणि आतापर्यंतचा खेळ पाण्यात जायचा. फाइल फुगायची ती वस्तू जमवत, बनवत बसणाऱ्यांची. आधी सल्ला मिळाला की कमी सामान बाळगा, मग १.०६ पॅचमध्ये ती मर्यादाच काढली. असा दोष टेस्टरांना सहज सापडत नाही, कारण त्यासाठी एकाच माणसाने एकच खेळ कित्येक तास, तोही हावरटासारखा, खेळावा लागतो. विक्रीच्या पहिल्याच आठवड्यात असे लाखो हावरट मिळतात.

पण सायबरपंकमध्ये जे बिनसले त्याला असे योगायोग फारसे जबाबदार नव्हते, असे माझे मत. जुन्या प्लेस्टेशन ४ आणि एक्सबॉक्स वनवर गेम रडतखडत चालायचा, आणि जुन्या कन्सोलसाठी वेळ हवा असल्याच्या इशाऱ्यांकडे दुर्लक्ष केल्याचे कंपनीनेच कबूल केले. पॅच चुका निस्तरतो. अशक्त यंत्रात शक्ती भरत नाही. विक्रीच्या दुसऱ्याच आठवड्यात सोनीने गेम आपल्या ऑनलाइन दुकानातून काढला. तो परतला २१ जून २०२१ रोजी.

सप्टेंबर २०२३ मध्ये २.० आवृत्ती आली आणि टीकाकारही खूश झाले. प्लेस्टेशन ४ साठी मात्र ती काढलीच नाही. ज्यांच्याकडे २०२० ची डिस्क आहे त्यांनी ती इंटरनेट नसलेल्या प्लेस्टेशन ४ मध्ये घालून पाहावी. गोल्ड झाल्या दिवशीचा गेम आजही तसाच चालू होतो.