विकायच्या ट्रॅक्टरचा फोटो टाकताय? आधी नंबर, घर क्रमांक आणि गावाची पाटी झाका. पण नीट झाका

जुना ट्रॅक्टर किंवा मोटारसायकल विकायची म्हटलं की आता पहिल्यांदा फोटो निघतो. तो खरेदी-विक्रीच्या फेसबुक ग्रुपवर आणि व्हॉट्सॲप स्टेटसला पडतो. वाहन अंगणातच उभं असतं. पुढं नंबर प्लेट, मागं दारावर ग्रामपंचायतीने लावलेला घर क्रमांक, कडेला रस्त्याचा फलक. आपलं लक्ष ट्रॅक्टरवर असतं, पण ग्रुपमधल्या अनोळखी माणसाला फोटो मोठा करून बाकीचंही वाचता येतं.

नंबरवरून काय कळतं?

सरकारच्या एमपरिवहन ॲपवर गाडीचा नंबर टाकला की गाडीचा प्रकार, मॉडेल, नोंदणीची तारीख, आरटीओ कार्यालय आणि विमा कधी संपतो हे दिसतं. मालकाचं पूर्ण नाव तिथं दिसत नाही, काही अक्षरांच्या जागी फुल्या असतात. पण फेसबुकवर फोटो टाकताना नाव आपलंच असतं आणि खाली मोबाइल नंबरही आपणच दिलेला असतो. म्हणजे नाव, मोबाइल आणि गाडी नंबर अशा तिन्ही गोष्टी एकाच ठिकाणी मिळाल्या.

याचा उपयोग खोट्या ई-चलानसाठी होतो. ‘तुमच्या गाडीवर दंड आहे, पावती पाहण्यासाठी ही फाइल उघडा’ असा मेसेज व्हॉट्सॲपवर येतो आणि सोबत शेवटी .apk असलेली फाइल असते. नुसता मेसेज असेल तर माणूस दुर्लक्ष करतो. पण त्यात स्वतःच्या गाडीचा खरा नंबर दिसला की विश्वास बसतो. फाइल टाकून घेतली की मोबाइलमधले ओटीपीचे मेसेज चोरांपर्यंत जाऊ शकतात आणि बँक खातं रिकामं होतं. चलान खरं आहे का, हे echallan.parivahan.gov.in किंवा mahatrafficechallan.gov.in या सरकारी साइटवर नंबर टाकून पाहता येतं. त्यासाठी कुठलीही फाइल उघडावी लागत नाही.

दुसरा धोका बनावट प्लेटचा. चोरीच्या गाडीला त्याच मॉडेलच्या आणि त्याच रंगाच्या दुसऱ्या गाडीचा नंबर लावला जातो. दंड मग खऱ्या मालकाच्या नावावर येतो. आपण कधी गेलोच नाही अशा शहरातलं चलान आलं, तर चलानवरचा फोटो बघा. गाडी आपली नसेल तर राज्याच्या ई-चलान साइटवर तक्रार नोंदवा आणि पोलीस ठाण्यातही लेखी कळवा.

घर क्रमांक आणि पाटी

नुसत्या घर क्रमांकावरून बाहेरच्याला काही कळत नाही. पण शेजारी गावाचं नाव दिसलं की पत्ता पूर्ण झाला. आणि गावाचं नाव कुठं कुठं लिहिलेलं असतं ते बघा. जिल्हा परिषद शाळेच्या भिंतीवर गाव, तालुका, जिल्हा सगळं रंगवलेलं असतं. ग्रामसडक योजनेच्या फलकावर कुठून कुठपर्यंतचा रस्ता ते असतं. मैलाच्या दगडावर गाव आणि अंतर असतं. दुकानाच्या बोर्डावर तर मोबाइल नंबरही असतो. असा फोटो आधी पडला आणि पुढच्या आठवड्यात ‘सहकुटुंब तिरुपतीला’ असं स्टेटस आलं, तर कोणतं घर बंद आहे हे सांगायला वेगळा माणूस लागत नाही.

अर्धवट झाकणं म्हणजे न झाकणं

बरेच जण नंबरचे शेवटचे दोनच आकडे पुसतात. हिशेब करून बघा. एमएच ४५ म्हटलं की अकलूज आरटीओ हे कुणालाही कळतं. पुढची अक्षरं आणि पहिले दोन आकडे दिसत असतील, तर राहिलेल्या दोन आकड्यांच्या ०० ते ९९ अशा फक्त १०० जोड्या होतात. त्यातली कोणत्या मॉडेलची, कोणत्या वर्षाची हे फोटोत आणि जाहिरातीत दिसतंच. शोधणाऱ्याला फार वेळ लागत नाही. म्हणून प्लेट पूर्ण झाका.

दुसरी चूक हायलायटरची. तो पेन अर्धपारदर्शक असतो. वरून काळं दिसतं, पण फोटोचा उजेड वाढवला की खालचे आकडे उमटतात. हलका धुरकटपणा दिला तरी अक्षरांचा आकार राहतोच. त्यामुळे गडद, एका रंगाचा पट्टाच मारायचा.

आता करायचं कसं?

सगळ्यात सोपा उपाय फोटो काढण्याआधीचा. वाहन साध्या भिंतीपुढं किंवा रानात उभं करा आणि प्लेटवर कापड टाका. फोटो झाला की कापड लगेच काढा, कारण प्लेट झाकून रस्त्यावर गाडी चालवली तर दंड होतो.

फोटो आधीच काढलेला असेल तर पहिल्यांदा तो कापा. फलक किंवा शाळेची भिंत कडेला असेल तर Crop करून तो भागच काढून टाकता येतो. जे मधोमध आहे, त्यासाठी व्हॉट्सॲपवर फोटो निवडा आणि पाठवण्याआधी वर दिसणाऱ्या पेन्सिलवर बोट लावा. सगळ्यात जाड रेघ आणि काळा रंग घ्या. दोन बोटांनी फोटो मोठा करून प्लेट पूर्ण भरून टाका. गॅलरीत करायचं असेल तर Edit मध्ये Markup शोधा. तिथं साधा पेन घ्या, Highlighter नको. शेवटी Save copy करा, म्हणजे मूळ फोटोही राहील.

झाकलेला फोटो आधी स्वतःलाच किंवा घरातल्या कुणाला पाठवा. तो उघडून मोठा करा, मोबाइलचा उजेड पूर्ण वाढवा आणि चारही कोपरे तपासा. नंबर एकाच ठिकाणी नसतो. ट्रॅक्टरला पुढं आणि मागं, ट्रॉलीच्या पाठीमागं वेगळा, चारचाकीच्या पुढच्या काचेवरच्या स्टिकरवर बारीक अक्षरात. शेजाऱ्याची गाडी मागं उभी असेल तर तिचाही नंबर झाका. तिच्या मालकाला तर फोटो निघाल्याचंही माहीत नसतं.

कधी झाकायचं नाही?

अपघाताचा फोटो विमा कंपनीला किंवा पोलिसांना देताना नंबर दिसलाच पाहिजे. तिथं मूळ फोटोच द्या, रंगवलेला नको. ट्रॅक्टर घेणाऱ्यालाही नंबर लागतो. कर्जाचा बोजा आहे का, विमा चालू आहे का हे त्याने तपासणं योग्यच आहे. पण तो नंबर फोनवर बोलणं झाल्यावर त्या एकालाच द्या, अख्ख्या ग्रुपला नको.

फोटो आधीच पडला असेल तर व्हॉट्सॲपवर साधारण अडीच दिवसांच्या आत Delete for everyone करता येतं. फेसबुकवरची पोस्ट काढून झाकलेला फोटो नव्याने टाका. मधल्या वेळेत कुणी तो जपून ठेवला असेल तर तो परत घेता येत नाही. त्यामुळे पुढचे काही दिवस गाडीच्या नावाने येणारी कोणतीही फाइल उघडू नका. चुकून उघडली आणि पैसे गेले, तर लगेच १९३० वर फोन करा आणि cybercrime.gov.in वर तक्रार नोंदवा. पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी फोन गेला, तर ते अडवता येण्याची शक्यता असते.