लवकरात लवकर म्हणजे कधी?

सहकारी गृहनिर्माण सोसायटीच्या सेक्रेटरीला ऑगस्ट महिन्यात एक ईमेल हमखास लिहावी लागते. ती जाते सोसायटीच्या ऑडिटरला. मार्चअखेर संपलेल्या वर्षाचा ऑडिट रिपोर्ट अजून हातात नसतो, तो ३१ जुलैच्या आत व्हायला हवा होता हे दोघांनाही ठाऊक असते, आणि ३० सप्टेंबरच्या आत वार्षिक सर्वसाधारण सभा घेणे कायद्याने बंधनकारक असते. अशा वेळी लिहिलेली मेल साधारण पुढच्यासारखी असते. उदाहरण रचलेले आहे, पण कोणत्याही कमिटीत बसलेल्या माणसाला ते ओळखीचे वाटेल.

‘सप्रेम नमस्कार. मागील आठवड्यात आपल्याशी फोनवर झालेल्या बोलण्याच्या अनुषंगाने कळवतो की, गेल्या वर्षीही रिपोर्ट मिळण्यास विलंब झाला होता व त्यावरून सभेत काही सभासदांनी कमिटीला धारेवर धरले होते. यंदा तसे होऊ नये म्हणून आम्ही सर्व व्हाउचर व बँक स्टेटमेंट मे महिन्यातच आपल्या सहायकांकडे दिली. जूनमध्ये त्यांनी मागितलेले एफडीच्या व्याजाचे दाखलेही दिले. मध्यंतरी आमचे खजिनदार गावी गेल्यामुळे थोडा खंड पडला. लिफ्टच्या एएमसीची आगाऊ दिलेली रक्कम कोठे दाखवावी, याबाबतही आपले मत हवे होते. तसेच बी विंगच्या रंगकामाच्या बिलावरील जीएसटीचे काय करायचे तेही कळवावे. तरी रिपोर्टचे लवकरात लवकर पाहावे ही विनंती, कारण आता गणपतीही जवळ आले आहेत.’

नमनाला घडाभर तेल म्हणतात ते हेच. यात खोटे काही नाही, उद्धटही काही नाही. तरीही ऑडिटरच्या बाजूने ही मेल वाचून पाहावी. ऑगस्ट-सप्टेंबर म्हणजे सीएंच्या कार्यालयात रिटर्न आणि टॅक्स ऑडिटची झुंबड. तो ही मेल मोबाइलवर उघडतो. पहिल्या ओळीत फोनचा उल्लेख, दुसरीत गेल्या वर्षीची तक्रार. पुढे जाऊन त्याला उत्तर देता येण्यासारखी पहिली गोष्ट सापडते ती लिफ्टच्या एएमसीची. ती सोपी आहे. तो लगेच लिहितो, ‘प्रीपेड खर्चात दाखवा,’ आणि त्याच्या लेखी त्या मेलला उत्तर देऊन झालेले असते. रिपोर्ट मात्र आहे तिथेच आहे.

लांब मेलचा खरा तोटा हा आहे. ती कंटाळवाणी होते हे दुय्यम. एका मेलमध्ये तीन मागण्या असल्या की वाचणारा त्यातली सर्वांत हलकी उचलतो, आणि लिहिणाऱ्याला सर्वांत जड हवी असते.

म्हणून कापाकापी सुरू करण्याआधी एक वाक्य वेगळ्या कागदावर लिहून काढावे लागते: कोणी, काय, कधीपर्यंत करायचे. वरच्या मेलमध्ये ‘कोणी’ स्पष्ट आहे. ‘काय’ अर्धवट आहे. ‘रिपोर्टचे पाहावे’ म्हणजे काय? कच्चा मसुदा चालेल की सहीचा हवा? ताळेबंद सोबत हवा का? छापील प्रत की पीडीएफ? आणि ‘कधीपर्यंत’ तर नाहीच. ‘लवकरात लवकर’ लिहिणाऱ्याच्या मनात चार दिवस असतात, वाचणाऱ्याच्या मनात टॅक्स ऑडिट संपल्यावरचा आठवडा. दोघेही आपापल्या जागी प्रामाणिक असतात.

तारीख मनाने टाकून चालत नाही, ती मागे मोजत यावी लागते. २०२५ चे कॅलेंडर घेऊ. सोसायटीने सभा रविवार, २१ सप्टेंबरला ठरवली आहे. आदर्श उपविधींप्रमाणे वार्षिक सभेची नोटीस पूर्ण १४ दिवस आधी द्यावी लागते, आणि पूर्ण दिवस म्हणजे नोटिशीचा आणि सभेचा असे दोन्ही दिवस सोडून. त्यामुळे ६ सप्टेंबर हा शेवटचा दिवस. पण त्या दिवशी अनंत चतुर्दशी, वॉचमनपासून चेअरमनपर्यंत सगळे विसर्जनात. मग नोटीस शुक्रवारी, ५ तारखेलाच वाटायला हवी. तिच्यासोबत जायचा अहवाल छापायला तीन दिवस धरले तर मजकूर १ सप्टेंबरला प्रेसमध्ये जायला हवा, आणि त्याआधी रविवारी, ३१ ऑगस्टला कमिटीने हिशेब पाहून मंजूर करायला हवेत. म्हणजे रिपोर्ट ३० ऑगस्टला चालेल? कागदावर चालेल. पण २७ ला गणेश चतुर्थी. त्या आठवड्यात कार्यालयातली निम्मी माणसे गावी गेलेली असतात आणि उरलेली निम्मी आरतीच्या घाईत. खरी मुदत निघते सोमवार, २५ ऑगस्ट.

एवढे गणित झाल्यावर त्या तारखेला वजन येते. ‘२५ पर्यंत द्या’ असे नुसते म्हटले तर ती लिहिणाऱ्याची लहर वाटू शकते आणि समोरचा ‘२८ ला चालेल ना?’ असे विचारतो. ५ सप्टेंबरची नोटीस आणि मधल्या सुट्ट्या एका वाक्यात सांगितल्या की त्याला स्वतःलाच दिसते की २८ चालणार नाही. मात्र हे सगळे गणित मेलमध्ये उतरवायचे नाही. त्यातले शेवटचे दोन दुवे पुरतात.

आता कात्री. गेल्या वर्षीच्या उशिराचा उल्लेख सर्वांत आधी जातो. तो लिहिताना फार बरे वाटते हे मान्य, पण वाचणारा तिथेच बचावाच्या पवित्र्यात जातो आणि उत्तरात रिपोर्टऐवजी गेल्या वर्षीची कारणे येतात. खजिनदारांचे गावी जाणे जाते, कारण त्याने ऑडिटरच्या कामात काही फरक पडत नाही. फोनवरचे बोलणे जाते. लिफ्ट आणि रंगकाम हे दोन प्रश्न खरे आहेत, त्यामुळे ते फेकायचे नाहीत. त्यांची वेगळी मेल, वेगळ्या विषयाने, रिपोर्ट आल्यावर.

कागदपत्रे मे-जूनमध्ये दिली, हे वाक्य मात्र कापताना हात थांबतो, आणि थांबायलाच हवा. तो इतिहास नाही. ते काढले तर ऑडिटरचे पहिले उत्तर असेल, ‘तुमच्याकडून सगळे कागद आलेत का ते बघतो,’ आणि त्यात तीन दिवस जातील. काय ठेवावे आणि काय काढावे याची कसोटी इथे सापडते: वाक्य काढल्यावर समोरच्याला उलट प्रश्न विचारावा लागणार असेल तर ते ठेवायचे. यादी मात्र मेलच्या पोटात नको, ती जोडपत्रात.

मुद्दे वर आणि तपशील जोडपत्रात, ही रीत जुनीच आहे. ९ ऑगस्ट १९४० रोजी, जर्मन विमाने ब्रिटनवर चालून येत असताना, चर्चिल यांनी आपल्या मंत्रिमंडळाला आणि खात्यांना एक पानाचे टिपण धाडले. अहवाल फार लांब होतात, मुख्य मुद्दे छोट्या परिच्छेदांत द्या आणि आकडेवारी व किचकट विश्लेषण परिशिष्टात टाका, असा त्याचा आशय होता. जोडणे तेव्हा टाचणीने होत असे, आता पिनेचे चित्र दाबून होते, एवढाच बदल.

सगळी छाटणी झाल्यावर सोमवारी, १८ ऑगस्टला जाणारी मेल अशी दिसते:

‘विषय: ऑडिट रिपोर्ट २०२४-२५, सोमवार २५ ऑगस्टपर्यंत हवा

नमस्कार,

सोसायटीचा २०२४-२५ चा सहीचा ऑडिट रिपोर्ट, ताळेबंद आणि उत्पन्न-खर्च पत्रकासह, सोमवार, २५ ऑगस्टला संध्याकाळी ६ पर्यंत पीडीएफमध्ये पाठवावा, ही विनंती.

सभा २१ सप्टेंबरला आहे. हा रिपोर्ट छापून ५ सप्टेंबरला नोटिशीसोबत सभासदांना द्यायचा आहे आणि मध्ये गणपतीच्या सुट्ट्या आहेत.

आपण मागितलेली कागदपत्रे मे-जूनमध्ये दिली आहेत, यादी जोडली आहे. आणखी काही हवे असल्यास बुधवारी, २० तारखेपर्यंत कळवावे, दुसऱ्या दिवशी आणून देऊ.’

खाली सेक्रेटरीचे नाव आणि मोबाइल नंबर. बस.

मागणी पहिल्याच वाक्यात आहे, कारण मोबाइलवर न उघडताही तेवढेच दिसते. विषयातही तारीख आहे, म्हणून आठवड्याने मेल शोधताना ती सापडते. वारही लिहिला आहे आणि तारीखही. ‘येत्या सोमवारी’ आणि ‘पुढच्या सोमवारी’ यांवरून घराघरांत वाद होतात, कार्यालयात तर होणारच. वार आणि तारीख जुळत नसतील तर चूकही लगेच पकडली जाते. मेल परदेशी जाणार असेल, समजा न्यू जर्सीत राहणाऱ्या फ्लॅटमालकाकडून संमतिपत्र हवे असेल, तर वेळेपुढे ‘भारतीय वेळेप्रमाणे’ लिहिणे आलेच. तिथली संध्याकाळ उजाडते तेव्हा इथे दुसरी तारीख लागलेली असते.

शेवटच्या परिच्छेदातली २० तारीख बारकाईने पाहण्यासारखी आहे. दिसायला ती दुसरी मागणी वाटते, पण ती पहिलीचीच पळवाट बंद करते. २५ ला संध्याकाळी ‘अहो, एक एफडीचा दाखला राहिलाय’ असा फोन येण्याची शक्यता तिने पाच दिवस अलीकडे ओढली आहे. मुदतीच्या मेलमध्ये असे एक मधले ठिकाण असले की काम कुठे अडले आहे ते वेळेत कळते.

लहान मेल उद्धट वाटेल ही भीती मराठी माणसाला फार, आणि ती अगदीच खोटी नाही. वयाने मोठ्या ऑडिटरला ‘रिपोर्ट २५ पर्यंत पाठवा’ एवढेच लिहिले तर ते खटकेल. पण आदर ‘आपण’, ‘ही विनंती’ आणि ‘आणून देऊ’ यांतून येतो. ‘जमल्यास’, ‘सवडीने’, ‘शक्य झाले तर’ या शब्दांतून मात्र मुदतच विरघळते. आदर ठेवावा, सवड काढावी.

मेल कोणाला जाते, हेही पाहावे लागते. ऑडिटर, त्याचे दोन सहायक, चेअरमन, खजिनदार अशा सगळ्यांच्या नावे एकाच रांगेत पाठवली की प्रत्येकाला वाटते दुसरा बघेल. ‘टू’मध्ये एकच नाव, बाकीचे ‘सीसी’त.

काही पत्रे मात्र लांबच असावी लागतात. थकबाकीदार सभासदाला द्यायची नोटीस, ठेकेदाराशी चाललेल्या वादातले पत्र, उद्या निबंधकांपुढे किंवा सहकार न्यायालयात दाखवावे लागेल असे काहीही. तिथे तारखांसह सगळा घटनाक्रम नोंदवणे हेच काम असते आणि ते कापणे महागात पडते. तरीही अशा पत्रातही मागणी आणि मुदत पहिल्या परिच्छेदात ठेवायला काही हरकत नसते.

उत्तर आलेच नाही तर? नवी मेल लिहू नये. त्याच मेलला उत्तर म्हणून गुरुवारी, २१ ऑगस्टला दोन ओळी: ‘सोमवारी, २५ ला रिपोर्ट मिळेल ना? काही अडचण असल्यास आज कळवावे.’ त्यालाही उत्तर नसेल तर शुक्रवारी फोन. २५ उलटली तर सभा रविवार, २८ सप्टेंबरला ढकलता येते आणि नोटीस १३ तारखेपर्यंत देता येते. त्यानंतर कायद्याच्या मुदतीत एकही रविवार उरत नाही.