रायफलीचे आधार

रायफलीने नेम धरताना ती स्थिर राहावी, यासाठी वापरल्या जाणाऱ्या साधनांना रायफलीचे आधार असे म्हणतात. दंडाला अडकवायचा पट्टा म्हणजे स्लिंग, दस्त्याच्या पुढील भागाला बसवायचे दोन पायांचे बायपॉड आणि ज्यावर रायफल टेकवली जाते असे वाळूची पिशवी, काठी वा अन्य टेकू, हे या आधारांचे तीन मुख्य प्रकार होत. स्नायूंवर पडणारा रायफलीचा भार हाडांवर किंवा जमिनीवर नेणे, हे तिन्ही प्रकारांचे समान कार्य आहे. मात्र प्रत्येक आधार हालचालीचा वेगळा भाग कमी करतो आणि प्रत्येकाबरोबर एखादा नवा दोषही येऊ शकतो.

## स्थिरतेची गरज

नेम धरलेली रायफल कधीही पूर्णपणे निश्चल नसते. ताणलेले स्नायू थरथरतात, श्वासाबरोबर छाती वर-खाली होते आणि नाडीचे ठोके शरीरातून रायफलीपर्यंत पोहोचतात. त्यातून होणारी हालचाल डोळ्याला नगण्य वाटली, तरी लक्ष्यावर तिचा परिणाम मोठा असतो.

५० मीटर रायफल प्रकाराच्या लक्ष्यावर १० गुणांच्या वर्तुळाचा व्यास १०.४ मिलिमीटर असतो. गोळीचा व्यास ५.६ मिलिमीटर असून तिची कड वर्तुळाला स्पर्श करीत असली तरी १० गुण मिळतात. त्यामुळे गोळीचा मध्य लक्ष्याच्या मध्यापासून सुमारे ८ मिलिमीटरपर्यंत दूर गेला तरी चालतो. खांद्यापासून नळीच्या टोकापर्यंतचे अंतर १ मीटर धरल्यास, ५० मीटरवरील ८ मिलिमीटर म्हणजे नळीच्या टोकाची केवळ ०.१६ मिलिमीटर हालचाल होय. खांदा स्थिर असताना नळीचे टोक यापेक्षा अधिक हलले, तर गोळी दहाच्या वर्तुळाबाहेर पडते. अंतर दुप्पट झाल्यास तेवढ्याच हालचालीने गोळी दुप्पट दूर जाते.

## स्लिंग

रायफल खांद्यावर वाहून नेण्याचा पट्टा आणि नेमबाजीची स्लिंग यांत फरक आहे. नेमबाजीच्या स्लिंगचे एक टोक फास्यासारखे दंडाभोवती बसते, तर दुसरे टोक दस्त्याच्या खालच्या बाजूस असलेल्या कडीला अडकते. कडीजवळ हात पुढे सरकू नये म्हणून एक अडथळा बसवलेला असतो. उजव्या खांद्यावरून नेम धरणाऱ्या व्यक्तीच्या बाबतीत ही स्लिंग डाव्या दंडाला बांधली जाते.

पालथे पडून नेम धरताना डावे कोपर जमिनीवर टेकलेले असते. दंड, कोपरापासून मनगटापर्यंतचा हात आणि ताणलेली स्लिंग यांचा मिळून एक त्रिकोण तयार होतो. रायफलीचे वजन हात खाली आणू पाहते, परंतु स्लिंग तो कोन उघडू देत नाही. परिणामी रायफल उचलून धरण्यासाठी डाव्या हाताच्या स्नायूंना जवळजवळ काम उरत नाही आणि डावा तळहात सैल ठेवता येतो. स्लिंगच्या ताणामुळे रायफलीचा कुंदा खांद्यातही घट्ट बसतो.

स्लिंगचा ताण योग्य आहे की नाही, हे बोटांवरून ओळखता येते. डाव्या हाताची बोटे पूर्ण सैल सोडल्यावर नळी खाली झुकू लागली, तर स्लिंग सैल आहे असे समजावे. काही मिनिटांत हाताला मुंग्या आल्या किंवा बोटे बधिर झाली, तर ती अधिक घट्ट आहे. दंडाच्या आतल्या बाजूने मोठी रोहिणी जाते. स्लिंगचा फास तिच्यावर आल्यास नळीच्या टोकावरील माशी नाडीच्या तालावर ठराविक अंतराने उसळताना दिसते. अशा वेळी ताण कमी करण्याआधी फास खांद्याच्या दिशेने वर सरकवणे आणि दंडाच्या बाहेरील बाजूस ओढ येईल असा फिरवणे उपयुक्त ठरते.

श्वासामुळे होणारी हालचाल स्लिंग थांबवत नाही, पण ती सरळ वर-खाली ठेवण्यास मदत करते. श्वास घेताना माशी तिरकी सरकत असेल, तर बहुधा कोपर रायफलीखाली नीट आलेले नसते.

स्लिंग बांधल्यानंतर शरीराची दिशा तपासावी लागते. नेम धरून डोळे मिटावेत, दोन-तीन सावकाश श्वास घ्यावेत आणि डोळे उघडावेत. माशी लक्ष्यावरून बाजूला गेलेली असल्यास हाताने रायफल ओढून ती परत आणू नये. डावे कोपर जागेवर ठेवून कंबर आणि पाय सरकवावेत. हाताने ओढून आणलेला नेम चाप दाबण्याच्या क्षणी स्नायू ढिले पडताच पुन्हा सरकतो.

### स्पर्धेचे नियम

आंतरराष्ट्रीय नेमबाजी स्पर्धांत स्लिंग गुडघा टेकून आणि पालथे पडून नेम धरताना वापरता येते. उभ्याने ती चालत नाही. तिची रुंदी ४० मिलिमीटरपेक्षा जास्त नसावी लागते. पालथ्या स्थितीत स्लिंग बांधलेल्या हाताचा कोपरापुढील भाग जमिनीशी किमान ३० अंशांचा कोन करून असावा लागतो, अन्यथा हात जवळजवळ जमिनीवरच आडवा ठेवता येईल. बायपॉड किंवा अन्य टेकूवर रायफल ठेवून गोळी झाडण्यास मनाई आहे. गुडघा टेकलेल्या स्थितीत पायाच्या घोट्याखाली गोल उशी चालते. परंतु ती शरीराला आधार देते, रायफलीला नव्हे.

## उदाहरण: पॅरिस ऑलिंपिक, २०२४

कोल्हापूर जिल्ह्याच्या राधानगरी तालुक्यातील कांबळवाडी येथील स्वप्निल कुसाळे यांनी १ ऑगस्ट २०२४ रोजी ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्स या प्रकारात कांस्यपदक मिळवले. पुण्यातील बालेवाडीच्या क्रीडा संकुलात त्यांचा सराव झालेला आहे. या प्रकारात एकच नेमबाज त्याच रायफलीने तीन स्थितींत खेळतो, त्यामुळे आधाराचा परिणाम पाहण्यासाठी हे उदाहरण सोयीचे आहे.

अंतिम फेरीत कुसाळे यांना गुडघा टेकून १५ गोळ्यांत १५३.३, पालथे पडून १५ गोळ्यांत १५६.८ आणि उभ्याने पहिल्या १० गोळ्यांत १०१.५ गुण मिळाले. प्रत्येक गोळीची सरासरी अनुक्रमे १०.२२, १०.४५ आणि १०.१५ येते. या लक्ष्यावर गुणाचा एक दशांश म्हणजे ०.८ मिलिमीटर. त्यामुळे पालथ्या आणि उभ्या स्थितीतील फरक सुमारे अडीच मिलिमीटरचा ठरतो. त्यांची एकूण गुणसंख्या ४५१.४ झाली.

हा फरक केवळ स्लिंगचा म्हणता येत नाही. पालथ्या स्थितीत दोन्ही कोपरे जमिनीवर असतात आणि शरीराचा गुरुत्वमध्य खाली असतो. उभ्याने दोन पावलांच्या आधारावर सगळा तोल सांभाळावा लागतो. शिवाय आधार असला म्हणजे गुण आपोआप वाढतात असेही नाही. प्राथमिक फेरीत कुसाळे यांना गुडघा टेकून १९८, पालथे पडून १९७ आणि उभ्याने १९५ गुण होते. म्हणजे सर्वांत स्थिर मानली जाणारी स्थिती तेथे एका गुणाने मागे राहिली.

केवळ पालथ्या स्थितीच्या प्रकारात सर्व गोळ्या स्लिंगच्या आधाराने झाडल्या जातात. कोल्हापूरच्याच तेजस्विनी सावंत यांनी २०१० साली म्युनिक येथे ५० मीटर रायफल प्रोन प्रकारात ६०० पैकी ५९७ गुण मिळवून विश्वविजेतेपद पटकावले. अशा स्पर्धेत ६० गोळ्यांपर्यंत स्लिंगचा ताण आणि कोपराची जागा बदलू न देणे, हेच मुख्य कौशल्य असते.

## बायपॉड

बायपॉडमुळे रायफलीच्या पुढच्या भागाचे वजन थेट जमिनीवर जाते. त्यामुळे उभ्या दिशेतील हालचाल मोठ्या प्रमाणात कमी होते. पण कुंदा मोकळाच राहतो. कुंदा वर गेला की नळीचे टोक खाली येते आणि डावीकडे गेला की टोक उजवीकडे वळते. म्हणून बायपॉडबरोबर कुंद्याखाली लहान वाळूची पिशवी ठेवतात. पिशवी मुठीत आवळली की कुंदा किंचित उचलला जातो आणि नेम खाली उतरतो. मूठ सैल केली की नेम वर चढतो.

बायपॉडचे पाय आणि जोड यांत थोडी ढिलाई असते. खांद्याने रायफल हलकेच पुढे ढकलून ती ढिलाई काढली जाते. हा दाब प्रत्येक गोळीला सारखा नसेल, तर गोळ्या वर-खाली विखुरतात. सिमेंट किंवा कातळासारख्या कठीण पृष्ठभागावर गोळी सुटताना पाय उसळतात. जाड चटई किंवा गवताळ जमीन असल्यास ही उसळी कमी होते.

दोन पाय असमान जमिनीवर असतील तर रायफल एका बाजूला कलते. दूरच्या अंतरावर अशा कललेल्या रायफलीची गोळी कलाच्या बाजूला आणि किंचित खाली पडते. त्यामुळे पायांची लांबी वेगवेगळी करून रायफल सरळ उभी करावी लागते.

## टेकू

लांब आणि जड बंदुका पेलण्यासाठी सोळाव्या शतकातील युरोपीय सैनिक टोकाला दुबेळके असलेली काठी वापरीत. आजही टेकूचे तत्त्व तेच आहे. रायफल तपासताना किंवा तिचा नेम जुळवताना पुढे एक आणि मागे एक अशा वाळूच्या पिशव्या ठेवतात. यात माणसाची थरथर सर्वांत कमी उरत असल्याने रायफलीची व गोळीची स्वतःची अचूकता कळते.

टेकू नेहमी लाकडी वा कृत्रिम दस्त्याखाली असावा, नळीखाली नसावा. गोळी सुटताना नळी कंप पावते. ती कठीण वस्तूवर टेकलेली असेल, तर कंपनात अडथळा येऊन गोळी नेहमीच्या जागेपासून सरकते. झाडाच्या खोडाचा वा दगडाचा आधार घेताना मध्ये हात किंवा घडी केलेले कापड ठेवण्याचे कारण हेच आहे.

काठ्यांच्या टेकूंत पायांच्या संख्येनुसार फरक पडतो. एका काठीने रायफलीची उंची स्थिर राहते, पण ती डावी-उजवीकडे झुलते. दोन काठ्यांची कैची हे झुलणे कमी करते. तीन काठ्यांची तिवई स्वतःच्या पायांवर उभी राहते. उंच गवताच्या प्रदेशात पालथे पडल्यास लक्ष्य दिसत नाही. त्यामुळे परवानाधारक शिकार चालते अशा आफ्रिकेतील काही देशांत उभ्याने वापरायच्या काठ्या प्रचलित आहेत. भारतात वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ अन्वये वन्य प्राण्यांच्या शिकारीस बंदी असून, माणसाला धोकादायक ठरलेल्या प्राण्यासारखे अपवाद अधिकृत परवानगीवर अवलंबून असतात.

## आधार बदलल्याने होणारा परिणाम

वाळूच्या पिशवीवर जुळवलेला नेम स्लिंग किंवा बायपॉड वापरताना तसाच राहील, असे नाही. दस्ता लवचिक असल्यास स्लिंगची ओढ किंवा बायपॉडवरचा दाब त्याला वाकवतो आणि तो नळीला टेकतो. रायफल पूर्णपणे रिकामी असल्याची खात्री करून, नळी व दस्ता यांच्यामधून कागदाची पट्टी सरकवली असता हा दोष कळतो. एरवी सहज सरकणारी पट्टी आधाराचा ताण आल्यावर अडकली, तर दस्ता नळीला स्पर्श करीत आहे असे समजावे.

गोळ्या एकमेकींजवळ, पण लक्ष्याच्या मध्यापासून दूर पडत असतील, तर आधार स्थिर असूनही नेम त्या आधारावर जुळवलेला नसतो. गोळ्या विखुरलेल्या असतील, तर ताण, दाब किंवा टेकण्याची जागा प्रत्येक वेळी बदलत असण्याची शक्यता प्रथम तपासली जाते. म्हणून ज्या आधारावरून रायफल प्रत्यक्ष वापरायची, त्याच आधारावर तिचा नेम जुळवण्याची पद्धत आहे.